टाकी फुल ते टाकी फुल: किलोमीटरला किती रुपये पडतात, आणि पेट्रोल-सीएनजीची सरळ तुलना

किलोमीटरला इंधनाचे किती रुपये पडतात हे काढायला पंपाची पावती आणि मीटरचं रिडिंग एवढंच लागतं. भागाकार शाळेतला आहे. गडबड होते ती भागाकारात काय घालायचं आणि काय वगळायचं, इथे. घरात दोन गाड्या असतील, किंवा पेट्रोल घ्यावी की सीएनजी यावर वाद चालू असेल, तर ही गडबड किलोमीटरमागे रुपया-दीड रुपयाची होऊ शकते, आणि मग सगळा निर्णयच उलटा फिरतो.

गाडीच्या स्क्रीनवर ॲव्हरेज दिसतं, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. तो आकडा गाडीचा कॉम्प्युटर अंदाजाने काढतो आणि तो बहुधा थोडा गोड असतो. शिवाय तुम्ही लिटरला किती मोजले हे त्याला ठाऊक नसतं. जाहिरातीतला आकडा तर प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेगाच्या चक्रात मोजलेला असतो. सगळ्या गाड्या एकाच फुटपट्टीने मोजल्या जाव्यात यासाठी तो ठीक आहे. सिंहगड रोडवरच्या संध्याकाळसाठी तो नाही.

नोंद कुठून सुरू करायची

पहिल्यांदा टाकी फुल करा आणि मीटरचं रिडिंग लिहून ठेवा. त्या दिवशी किती लिटर बसलं, किती पैसे दिले, हे हिशेबात धरायचं नाही. नवशिक्याची बहुतेक गणितं इथेच फसतात. ते पेट्रोल अजून जळलेलंच नाही, ती फक्त सुरुवातीची रेघ आहे. गाडी वापरा, पुन्हा टाकी फुल करा. या दुसऱ्या वेळी जेवढं बसलं तेवढंच मधल्या काळात जळलं. म्हणजे पैसे मोजायचे दुसऱ्या भरण्यापासून आणि किलोमीटर मोजायचे पहिल्यापासून.

मध्येच पाचशे-हजाराचं पेट्रोल टाकलं तरी बिघडत नाही, पण ते लिहिलं पाहिजे. त्या क्षणी टाकी भरलेली नसल्याने तिथे ॲव्हरेज काढायचं नाही. पुढच्या फुलपर्यंत थांबायचं आणि दोन्ही भरणी एकत्र करायची. म्हणून वहीत किंवा शीटमध्ये तारीख, रिडिंग, लिटर आणि रुपये यांच्यापुढे ‘फुल की अर्धवट’ हा पाचवा रकाना हवाच.

दर वेगळा लिहायची गरज नाही, रुपयांना लिटरने भागलं की तो मिळतो. पण फक्त रुपये लिहून लिटर सोडू नका. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज बदलायची पद्धत आली. दर कधी महिनोन्‌महिने हलत नाहीत, कधी पटापट हलतात. लिटरचा आकडा नसेल तर जुनी नोंद नव्या दराने तपासता येत नाही.

‘फुल’ म्हणजे नक्की कुठपर्यंत

नोजल आपोआप बंद होतं, त्याला पंपावर ऑटो कट म्हणतात. पहिला कट पडला की थांबा. पण पंपावरचा माणूस हमखास विचारतो, ‘साहेब, राउंड फिगर करू?’ आणि २,६६८ चे २,७०० होतात. बत्तीस रुपये म्हणजे पाव लिटरच्या वर पेट्रोल. ते आज जास्त भरलं गेलं, म्हणून आजचं ॲव्हरेज पडेल आणि पुढच्या वेळचं चढेल. सरळ ‘पहिल्या कटला थांबा’ म्हणायचं. तोंडापर्यंत भरण्याचा हट्टही नको. टाकीत वाफेसाठी ठेवलेल्या जागेत पेट्रोल शिरलं तर ती वाफ शोषणाऱ्या डब्यापर्यंत जातं आणि तो डबा खराब होतो.

कट सगळीकडे एकाच पातळीला पडत नाही. जोरात भरलं तर फेसामुळे लवकर पडतो, गाडी उतारावर उभी असेल तर टाकीतली पातळी वेगळी बसते. म्हणून निदान पहिलं आणि शेवटचं भरणं एकाच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर करावं. दुचाकी मेन स्टँडवर उभी करून भरा. साइड स्टँडवर टाकी कलते आणि ‘फुल’ची रेघ हलते.

(सकाळी गार हवेत भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, हा लाडका समज या हिशेबापुरता सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.)

एक हिशेब पूर्ण करून पाहू

पुण्यातली पेट्रोलवरची छोटी गाडी घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, दर सोयीसाठी १०४ रुपये धरला आहे.

| रिडिंग | लिटर | रुपये | फुल? |
|---|---|---|---|
| ४१,२५० | – | – | फुल (सुरुवात) |
| ४१,६६८ | २६.१० | २,७१४ | फुल |
| ४१,८९० | ९.६२ | १,००० | अर्धवट |
| ४२,२१४ | २३.५० | २,४४४ | फुल |
| ४२,५९० | १९.०० | १,९७६ | फुल |

पहिल्या टप्प्यात ४१८ किलोमीटरला २६.१० लिटर, म्हणजे लिटरला १६. दुसऱ्या टप्प्यात अर्धवट भरणं आहे, म्हणून ते पुढच्या फुलमध्ये मिळवायचं: ५४६ किलोमीटरला ३३.१२ लिटर, म्हणजे साधारण १६.५. तिसऱ्या टप्प्यात ३७६ किलोमीटरला १९ लिटर, जवळपास १९.८.

आता मोह होतो तिन्ही ॲव्हरेजची बेरीज करून तीनने भागायचा. तसं केलं तर १७.४ येतं. खरा आकडा एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, म्हणजे १,३४० भागिले ७८.२२, हा १७.१ आहे. टप्पे लहानमोठे असतात आणि कमी पेट्रोल जळलेल्या टप्प्यालाही सारखंच वजन दिलं की आकडा फुगतो. इथे फरक थोडा आहे, पण एक टप्पा घाटातला आणि एक हायवेचा असेल तर तो बराच वाढतो. म्हणून सरासरीची सरासरी कधीच नको.

रुपयांचंही तसंच. एकूण ८,१३४ रुपये भागिले १,३४० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ६.०७ रुपये. शीटमध्ये पहिल्या ओळीत शीर्षकं, B रकान्यात रिडिंग आणि D मध्ये रुपये असतील, तर एका ओळीचं सूत्र पुरतं:

```
=SUM(D3:D6)/(B6-B2)
```

बेरीज D3 पासून सुरू होते आणि रिडिंग B2 पासून. सुरुवातीच्या भरण्याचे पैसे धरायचे नाहीत, किलोमीटर धरायचे, हे त्यातच आलं.

आकडा वर-खाली झाला म्हणून गाडी बिघडली असं नाही

समजा गाडी खरोखर लिटरला १६ देते आणि ४०० किलोमीटरला २५ लिटर जाळते. यावेळी कट लवकर पडला आणि एक लिटर कमी बसलं, तर वहीत २४ लिटर लागतं आणि ॲव्हरेज दिसतं १६.७. लोक खूश होतात. पुढच्या ४०० किलोमीटरनंतर तेच लिटर भरून निघतं, २६ लिटर बसतं आणि ॲव्हरेज १५.४ वर येतं. मग गॅरेज गाठलं जातं.

ओळखायचं कसं? एकदा वर आणि लगेच तेवढंच खाली, असा नागमोडी आकडा आला तर दोष भरण्यातला. सलग तीन-चार टप्पे आकडा एकाच दिशेला सरकत असेल तर मात्र टायरमधली हवा, एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक किंवा बदललेला रस्ता, यातलं काहीतरी आहे.

भरण्यातली चूक पहिल्या आणि शेवटच्या रेघेपुरतीच राहते, मधल्या सगळ्या चुका एकमेकींना खातात. त्यामुळे नोंद जितकी लांब, तितका तिचा वाटा कमी. अर्ध्या लिटरचा फरक २६ लिटरच्या एका टप्प्यात दोन टक्के होतो, पाच लिटरच्या स्कूटरमध्ये मात्र दहा टक्के. चारचाकीला चार-पाच टाक्या, दुचाकीला दहाएक टाक्या झाल्याशिवाय आकडा कुणाला छातीठोकपणे सांगू नये.

आता दुसरी गाडी: सीएनजी

इथे पहिली अडचण एककाची. पेट्रोल लिटरने, सीएनजी किलोने. ‘माझी लिटरला १६, त्याची किलोला २३’ या वाक्यातून काहीच कळत नाही. दोन्ही रुपयांत आणल्याशिवाय त्यांना शेजारी उभं करायचं नाही.

दुसरी अडचण ‘फुल’ची. पेट्रोलच्या टाकीत पातळी तरी असते. सीएनजीचा सिलेंडर भरतो तो दाबाने, साधारण २०० बारपर्यंत. गर्दीच्या वेळी पंपाचा दाब उतरलेला असतो, तेव्हा मशीन थांबतं पण सिलेंडर पूर्ण भरलेला नसतो. भराभर भरताना सिलेंडरमधला गॅस तापतो, दाब लवकर चढतो, आणि गार झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो. आठ-नऊ किलोच्या सिलेंडरमध्ये एखादा किलो असा सहज इकडेतिकडे होतो. म्हणून सीएनजीचं एका भरण्यावरचं ॲव्हरेज जवळपास निरुपयोगी समजा. सहा-सात भरण्यांची बेरीज घ्या, आणि सुरुवातीचं व शेवटचं भरणं एकाच पंपावर, दिवसाच्या एकाच सुमाराला, शक्यतो रांग नसताना करा.

तिसरी अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. शिवाय पंपावर वीस गाड्यांची रांग दिसली की आपणच बटण दाबून पेट्रोलवर घर गाठतो. हे पेट्रोल कुठेच लिहिलं जात नाही, मात्र त्यावर धावलेले किलोमीटर मीटरवर चढतात आणि गॅसच्या खात्यात जमा होतात. उपाय सोपा आहे: ज्या दिवशी गॅसची पहिली रेघ मारता त्याच दिवशी पेट्रोलची टाकीही फुल करा, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा फुल करा.

समजा या गाडीने शहरात १,०१२ किलोमीटर केले. गॅस एकूण ४४ किलो, दर ९० रुपये धरला तर ३,९६० रुपये. नुसता गॅस धरला तर किलोमीटरला ३.९१ रुपये. लोक हाच आकडा सांगत फिरतात. पण शेवटी पेट्रोल साडेपाच लिटर बसलं, ते ५७२ रुपये. एकूण ४,५३२ रुपये, म्हणजे किलोमीटरला ४.४८. लपलेलं पेट्रोल एका झटक्यात ५७ पैसे वाढवून गेलं. किलोला २३ हे ॲव्हरेजही फुगीरच, कारण १,०१२ मधले काही किलोमीटर गॅसचे नव्हतेच.

शेजारी उभं करण्याआधी

पेट्रोल गाडीचे ६.०७ आणि सीएनजीचे ४.४८, म्हणजे फरक १.५९, असं लिहून मोकळं होता येणार नाही. पेट्रोल गाडीच्या तिसऱ्या टप्प्यात कराडची वारी आहे, तो हायवे आहे. सीएनजी गाडी शहराबाहेर गेलीच नाही. तो टप्पा बाजूला काढला तर पेट्रोल गाडीचे शहरातले ९६४ किलोमीटर आणि ६,१५८ रुपये उरतात: किलोमीटरला ६.३९. नुसत्या हायवेला हीच गाडी ५.२६ रुपयांत धावली. गाडी तीच, माणूस तोच, दर तोच, तरी रस्त्याने १.१३ रुपयांचा फरक पाडला. म्हणून प्रवासाला निघण्याआधी आणि परतल्यावर टाकी फुल करायची सवय लावा, हायवे आपोआप वेगळा निघतो.

दुसरं, दर एकच धरा. सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी गोव्यात गेली की टाकी भरूनच येतात, कारण तिथे पेट्रोल स्वस्त. लिटरमागे सात रुपये कमी पडले तर आपल्या या गाडीचा खर्च किलोमीटरला ४३ पैशांनी उतरेल, पण गाडी काही सुधारलेली नसते. खिशाचा हिशेब प्रत्यक्ष दिलेल्या पैशांनी करा. गाड्यांची तुलना मात्र लिटर आणि किलोला आजचा एकच दर लावून करा.

नोंदी एकाच काळातल्या असाव्यात. एक मे महिन्यातली, एसी सतत चालू असलेली, आणि दुसरी डिसेंबरातली, असं नको. जुन्या गाडीची काही वर्षांपूर्वीची वही नव्या गाडीशी जुळवू नका, कारण पेट्रोलच बदललं आहे. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते.

मीटरही तपासून घ्यावा. द्रुतगती मार्गावर बाजूला किलोमीटरचे फलक असतात. शेजारी बसलेल्याला वीस-तीस किलोमीटर मोजायला लावा आणि ट्रिप मीटरशी जुळवा. मोठ्या घेराचे टायर टाकले असतील तर मीटर कमी दाखवतो आणि गाडी उगाच खादाड ठरते. तीन टक्क्यांची चूक असेल तर ६.३९ मधले १९ पैसे तिचेच.

आणि चालवणारा माणूस. एक गाडी सिग्नल सुटताच दामटणाऱ्या मुलाकडे, दुसरी वडिलांकडे असेल, तर तुम्ही मुलाची आणि वडिलांची तुलना करत आहात. निम्म्या भरण्यांनंतर गाड्यांची अदलाबदल करा. घरात कुरकूर होईल, पण याला दुसरा इलाज नाही.

पंपापर्यंतचे किलोमीटर

माझ्या मते सीएनजीच्या हिशेबात सर्वात जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट ही आहे. पेट्रोल पंप बहुधा वाटेवरच लागतो. सीएनजीसाठी मुद्दाम जावं लागतं. आपल्या उदाहरणात १,०१२ पैकी ६० किलोमीटर नुसते पंपावर जाऊन येण्याचे असतील तर कामाचे किलोमीटर ९५२ च उरतात. गंमत अशी की हे फुकटचे किलोमीटर भागाकारात घातले की खर्च कमी दिसतो, कारण भाजक वाढतो. पंप जितका लांब तितकी गाडी स्वस्त, असा उफराटा निष्कर्ष निघेल. म्हणून पैसे सगळे धरा, किलोमीटर फक्त कामाचे: ४,५३२ भागिले ९५२, म्हणजे ४.७६ रुपये.

आता फरक ६.३९ वजा ४.७६, म्हणजे १.६३ रुपये. सुरुवातीच्या ३.९१ वर भरवसा ठेवला असता तर तो २.४८ वाटला असता. सीएनजी मॉडेलला ९०,००० रुपये जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला २.४८ च्या हिशेबाने सुमारे ३६,३०० किलोमीटर पुरतात, १.६३ च्या हिशेबाने ५५,२०० लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्यासाठी हा फरक तीन वर्षं आणि साडेचार वर्षांहून जास्त, असा आहे. महिन्याला अडीच हजार चालवणाऱ्याचे पैसे दोन वर्षांच्या आत सुटतात. दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, करावी लागते, तिचा खर्च इंधनात न मिळवता या वसुलीच्या रकमेत घाला.

दर बदलले तर सगळं पुन्हा मोजायला नको. नोंदी हाताशी आहेत. पेट्रोल पाच रुपयांनी वाढलं तर पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ३१ पैसे जास्त पडतील, सीएनजी गाडीला तीन. सीएनजी पाच रुपयांनी वाढला तर सीएनजी गाडीला २३ पैसे. आणि ऑफिसच्या वाटेवरच नवा सीएनजी पंप सुरू झाला, तर ते ६० किलोमीटर गळतात, फरक १.९१ रुपयांवर जातो आणि ९०,००० ची वसुली ४७,१०० किलोमीटरवर येते. एका पंपाने आठ हजार किलोमीटर वाचवले. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी रोजच्या रस्त्यावर सीएनजीचे पंप कुठे आहेत आणि संध्याकाळी सात वाजता तिथे रांग किती असते, हे एकदा बघून यावं.